नोझलमधून वाफ एवढ्या वेगाने बाहेर कशी पडते?

मागच्या व्याख्यानात आपण स्थिर प्रवाहाचं ऊर्जा समीकरण मांडलं आणि ते बॉयलरला आणि फीड पंपाला लावून पाहिलं. बॉयलरमध्ये उष्णतेचं पद महत्त्वाचं ठरलं, पंपात कामाचं. वेगाचं पद मात्र दोन्ही ठिकाणी आपण "नगण्य" म्हणून सोडून दिलं. आज उलटं करायचं आहे. आज जे यंत्र घेतलं आहे त्यात उष्णता नाही, काम नाही, आणि राहिलेलं वेगाचं पद हेच सगळं काही आहे. ते यंत्र म्हणजे नोझल.

यंत्र म्हणायचं खरं तर जिवावर येतं, कारण त्यात हलणारा एकही भाग नाही. आकार बदलत जाणारी एक छोटीशी नळी. एका बाजूने दाबाखालची वाफ आत येते, दुसऱ्या बाजूने कमी दाबाची पण प्रचंड वेगाची वाफ बाहेर पडते. स्टीम टर्बाइनच्या चाकावर जी वाफ आदळते ती आधी अशा नोझलमधून आलेली असते.

आपण आकडे घेऊनच बोलू या, म्हणजे गोष्ट हवेत राहणार नाही. पाइपात वाफ आहे १० बार दाबाची आणि २५० अंश सेल्सिअस तापमानाची. नोझलच्या पलीकडे दाब आहे १ बार. हे सगळे दाब निरपेक्ष, म्हणजे गेजवर दिसतात ते नव्हेत. गेजवरच्या आकड्यात साधारण एक बार मिळवला की निरपेक्ष दाब मिळतो. प्रश्न एवढाच: बाहेर पडणाऱ्या वाफेचा वेग किती?

नोझलभोवती एक काल्पनिक पेटी आखा. प्रवाह स्थिर आहे, म्हणजे पेटीत वाफ साठतही नाही आणि घटतही नाही. सेकंदाला जेवढी आत तेवढीच बाहेर. ऊर्जेचंही तसंच. एक किलो वाफ आत येताना जी ऊर्जा घेऊन येते, तीच बाहेर जाताना घेऊन जायला हवी, मधे कुणी काही घातलं किंवा काढलं नसेल तर. समीकरण असं:

h₁ + V₁²/2 + gz₁ + q = h₂ + V₂²/2 + gz₂ + w

यात h म्हणजे एन्थाल्पी. इथे थोडं थांबू या, कारण "वाफेच्या पोटातली ऊर्जा म्हणजे आंतरिक ऊर्जा, मग ती u का नाही घेत, h कशाला?" हा प्रश्न दर वेळी येतो, आणि यायलाच हवा. एक किलो वाफ आपल्या पेटीत शिरते तेव्हा ती स्वतःहून शिरत नाही. तिच्या मागची वाफ तिला ढकलत असते. दाब १० बार म्हणजे १००० किलोपास्कल, आणि या अवस्थेत एक किलो वाफ ०.२३२७ घनमीटर जागा घेते. तेवढी जागा त्या दाबाविरुद्ध ढकलत आत न्यायची म्हणजे १००० गुणिले ०.२३२७, म्हणजे सुमारे २३३ किलोज्यूल काम मागच्या वाफेने पेटीवर केलं. बाहेर पडताना तीच एक किलो वाफ पुढच्या वाफेला ढकलते, पण तिथे दाब कमी असल्यामुळे हे काम १५७ किलोज्यूलच भरतं. दोन्हींतला फरक ७५ किलोज्यूलचा, आणि तो पेटीतच राहतो. मग तो जाणार कुठे? वेगात. ढकलण्याचं हे काम दर वेळी वेगळं मोजत बसायला नको म्हणून u मध्येच pv मिळवून ठेवला, त्याचं नाव एन्थाल्पी. जो कुणी फक्त u घेऊन गणित करेल, त्याचं उत्तर जवळपास दहा टक्क्यांनी कमी येईल. आपल्या उदाहरणात ९२६ ऐवजी ८४१.

९२६ हा आकडा आपण आधीच सांगून टाकला. हरकत नाही, तो कसा येतो ते आता बघू.

समीकरणातली पदं एकेक करून काढायची आहेत, पण "पुस्तकात काढली आहेत म्हणून" नव्हे. प्रत्येक पद किती मोठं आहे ते बघून. काम, म्हणजे w: नोझलला दांडा नाही, पंखा नाही, काम शून्य. हे शंभर टक्के खरं. उंची: नोझल आडवं असो की उभं, फरक काही सेंटिमीटरचा. अगदी एक मीटर धरला तरी किलोमागे ९.८ ज्यूल. किलोज्यूल नव्हे, ज्यूल. आपण शेकडो किलोज्यूलच्या गोष्टी करतोय, तेव्हा हे पद गेलं. उष्णता, q: नोझलचा धातू गरम असतो, बाहेर उष्णता जाते हे खरं. पण पाच सेंटिमीटरच्या नोझलमधून वाफ साधारण एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात पार होते. एवढ्या वेळात किलोमागे जाणारी उष्णता मोजण्यासारखी नसते. म्हणून q शून्य धरतो. हे गृहीतक आहे, निसर्गनियम नाही, एवढं लक्षात ठेवा.

राहिला आतला वेग V₁. पाइपातली वाफ साधारण ४० मीटर प्रति सेकंद वेगाने येत असेल तर तिची गतिज ऊर्जा ४० वर्ग भागिले २, म्हणजे ८०० ज्यूल, ०.८ किलोज्यूल. हेही सोडता येतं, पण इथे एक गंमत आहे. पुष्कळ विद्यार्थी हे पद सोडायला घाबरतात आणि मग शेवटी आलेल्या उत्तरात ४० मिळवून टाकतात. वेगांची बेरीज होत नाही. बेरीज होते ती वेगांच्या वर्गांची. आतले ४० मीटर हिशेबात धरले तर बाहेरचा वेग ९२६.५ चा ९२७.४ होतो. चाळीस मीटरचं योगदान एक मीटरसुद्धा नाही.

आता उरलं ते एवढंच:

V₂ = √( 2 (h₁ − h₂) )

आणि इथेच तो प्रसिद्ध खड्डा आहे. स्टीम टेबलमध्ये एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये छापलेली असते. वर्गमुळाखाली मात्र ज्यूल हवेत, कारण एक ज्यूल प्रति किलो म्हणजेच एक मीटर वर्ग प्रति सेकंद वर्ग. किलोज्यूलचे हजार करायचे राहिले की उत्तर वर्गमूळ हजारने, म्हणजे जवळजवळ ३२ पटींनी कमी येतं. आपल्या उदाहरणात ते २९ मीटर प्रति सेकंद येईल, ताशी सुमारे १०५ किलोमीटर. हायवेवरच्या मोटारीचा वेग! दहा बारची वाफ मोकळी सुटली आणि तिचा वेग मोटारीएवढा, हे वाचतानाच मनात पाल चुकचुकायला हवी. वाफेच्या नोझलचं उत्तर शेकड्यांत आलं नाही तर आधी हजार तपासा. काही जण सोयीसाठी वर्गमूळ २००० आधीच काढून ठेवतात आणि सूत्र असं लिहितात: वेग म्हणजे ४४.७२ गुणिले किलोज्यूलमधल्या फरकाचं वर्गमूळ. तेही चालेल, पण ते ४४.७२ कुठून आलं ते माहीत असू द्या.

इथपर्यंत सोपं होतं. आता खरी अडचण. h₁ आपल्याला टेबलमधून मिळतो: १० बार, २५० अंशांना २९४२.६ किलोज्यूल प्रति किलो. पण h₂? बाहेर दाब १ बार आहे, एवढंच माहीत आहे. तापमान माहीत नाही, वाफ ओली की कोरडी तेही माहीत नाही. १ बारला वाफ कोणत्याही एन्थाल्पीची असू शकते. ऊर्जा समीकरण याबाबतीत अवाक्षर बोलत नाही.

समीकरण किती गप्प बसतं ते बघायचं असेल तर नोझलच्या जागी एक अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह बसवा. तीच वाफ, अलीकडे १० बार, पलीकडे १ बार. पेटी तीच, पदं तीच: काम नाही, उष्णता नाही, उंची नाही. व्हॉल्व्हच्या पुढे मोठा पाइप आहे आणि तिथे वाफ शांतपणे वाहते आहे, म्हणून वेगही नगण्य. मग समीकरण सांगतं की h₂ बरोबर h₁, २९४२.६. टेबलमध्ये १ बारला ही एन्थाल्पी कुठे सापडते? सुमारे २३४ अंशांना. म्हणजे दाब दहापट कमी झाला आणि तापमान जेमतेम सोळा अंशांनी उतरलं. वेग काहीच नाही.

एकच समीकरण, दाबातली घट तीच, आणि दोन अगदी वेगळी उत्तरं. दोन्ही बरोबर. फरक समीकरणात नाही, वाटेत आहे. व्हॉल्व्हच्या चिरेतून जाताना वाफ वेग घेतेच. पण पुढे एकदम मोकळी जागा मिळाली की त्या झोताच्या भोवऱ्यांत चिंधड्या होतात आणि कमावलेला वेग पुन्हा उष्णतेच्या रूपात वाफेतच मुरतो. नोझलचा आकार असा सावकाश बदलत नेलेला असतो की भोवरे होऊच नयेत. ही "भोवरे न होण्याची" अट गणितात लिहायची तर ती एन्ट्रॉपीने लिहितात. आदर्श नोझलमध्ये एन्ट्रॉपी बदलत नाही. बस, हीच ती हरवलेली माहिती. ऊर्जा समीकरण जमाखर्च सांगतं, एन्ट्रॉपी वाट सांगते, आणि h₂ मिळायला दोन्ही लागतात.

तर करू या. आतल्या वाफेची एन्ट्रॉपी टेबलमध्ये ६.९२४७ आहे. बाहेर १ बारलाही तीच हवी. १ बारला कोरड्या संपृक्त वाफेची एन्ट्रॉपी ७.३५९४ आहे, आपली त्याहून कमी. याचा अर्थ वाफ थोडी ओली झाली. किती? १ बारच्या उकळत्या पाण्याची एन्ट्रॉपी १.३०२६ आणि पाण्याची वाफ होताना वाढणारी ६.०५६८. ६.९२४७ मधून १.३०२६ वजा करून ६.०५६८ ने भागलं की येतं ०.९२८. म्हणजे एक किलोत ९२८ ग्रॅम वाफ आणि ७२ ग्रॅम पाणी, बारीक धुक्याच्या रूपात. तापमान अर्थातच १ बारच्या उत्कलनबिंदूचं, ९९.६ अंश. एन्थाल्पी: ४१७.५ अधिक ०.९२८२ गुणिले २२५८, बरोबर २५१३.४.

फरक झाला ४२९.२ किलोज्यूल. वेग:

V₂ = √(२ × ४,२९,२००) = ९२६.५ मीटर प्रति सेकंद

ताशी तीन हजार तीनशे किलोमीटरच्या वर. पाइपात २५० अंश असलेली वाफ नोझलच्या तोंडाशी शंभराच्या आत आली. तिच्या रेणूंची जी सैरावैरा धावपळ होती, तिचा मोठा भाग एका दिशेच्या धावेत बदलला.

(श्रोत्यांतून प्रश्न आला: "या झोतात थर्मामीटर धरला तर तो ९९.६ दाखवेल का?")

नाही, आणि कारण ऐकण्यासारखं आहे. थर्मामीटरच्या टोकावर आदळून वाफ थांबते. थांबली की तिची गतिज ऊर्जा पुन्हा एन्थाल्पीत जमा होते, आणि पूर्ण थांबली तर h पुन्हा २९४२.६ वर येते. थर्मामीटर २३४ च्या आसपास जायला बघेल. म्हणजे तो व्हॉल्व्हचंच उत्तर दाखवेल! नोझलने ऊर्जा कुठे नेलेली नाही, फक्त तिचं रूप बदललं आहे. झोत कशावर तरी आदळून वाया गेला, तर पुन्हा व्हॉल्व्ह. मधे टर्बाइनचं पातं आलं आणि ते फिरलं, तरच ती ऊर्जा वाफेतून बाहेर निघते.

तुमच्यापैकी जे साखर कारखान्यात काम करतात त्यांनी ही गोष्ट रोज पाहिली आहे. टर्बाइन चालू असतं तेव्हा तिची एक्झॉस्ट वाफ रस आटवण्यासाठी इव्हॅपोरेटरकडे जाते. टर्बाइन बंद पडलं तरी रस आटवायचा थांबत नाही. मग बॉयलरची वाफ दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हमधून, ज्याला सगळे पीआरडीएस म्हणतात त्यातून, एक्झॉस्टच्या लायनीत सोडतात. आणि तिथे वाफेवर पाण्याचा फवारा मारावा लागतो. का? कारण व्हॉल्व्हने दाब उतरवला, एन्थाल्पी नाही. वाफ कमी दाबाची झाली तरी गरमच राहते, आणि अशी अतितप्त वाफ इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर नीट काम करत नाही. टर्बाइनमधून आलेल्या वाफेची ऊर्जा पात्यांनी आधीच काढून घेतलेली असते, तिला एवढा फवारा लागत नाही. एकाच बॉयलरच्या वाफेच्या या दोन वाटा, एक नोझलची आणि एक व्हॉल्व्हची.

आता आकाराकडे. सूत्राने वेग दिला, पण नोझल कसं कापायचं ते सांगितलं नाही. सेकंदाला १०० ग्रॅम वाफ न्यायची आहे असं धरू. तोंडाशी एक किलो मिश्रणाचं आकारमान सुमारे १.५७ घनमीटर. ०.१ गुणिले १.५७ भागिले ९२६.५, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ १७० चौरस मिलिमीटर, व्यास १४.७ मिलिमीटर. ठीक. आता हाच हिशेब मधल्या दाबाला करा. दाब ५.४६ बारपर्यंत उतरला असताना एन्थाल्पीतली घट सुमारे १३१ किलोज्यूल, वेग ५१२ मीटर, एक किलोचं आकारमान ०.३७ घनमीटर. क्षेत्रफळ येतं ७२ चौरस मिलिमीटर, व्यास ९.६ मिलिमीटर. म्हणजे नोझल आधी ९.६ पर्यंत अरुंद व्हायला हवं आणि मग पुन्हा १४.७ पर्यंत रुंद!

हे पचायला जड जातं. बागेतल्या पाण्याच्या पाइपाचं तोंड दाबलं की पाणी जोरात उडतं, म्हणून अरुंद म्हणजे वेग, असं आपल्या हाताला माहीत असतं. पण पाणी फुगत नाही, वाफ फुगते. सुरुवातीला वेग भराभर वाढतो आणि आकारमान हळू, म्हणून नळी अरुंद करावी लागते. पुढे आकारमान वेगापेक्षा जोरात वाढायला लागतं, मग जागा द्यावी लागते. दोन्हींची बरोबरी होते त्या जागेला गळा म्हणतात, आणि तिथला वेग नेमका त्या वाफेतल्या ध्वनीच्या वेगाएवढा असतो. आपल्या वाफेसाठी ध्वनीचा वेग तिथे काढून पाहिला तर ५१३ येतो, आपला ५१२. हा योगायोग नाही. कोरड्या अतितप्त वाफेसाठी गळ्याचा दाब आतल्या दाबाच्या साधारण ०.५४६ पट असतो, म्हणूनच आपण ५.४६ बार घेतला.

आता समजा कुणी गळ्यापाशीच नोझल कापलं, पुढचा रुंदावणारा भाग केलाच नाही. आणि हिशेबाला बसून २९४२.६ वजा २५१३.४ केलं, वेग ९२६ लिहिला. हे उत्तर चूक आहे, आणि ऊर्जा समीकरण त्याला चूक म्हणणार नाही, म्हणून जपायचं. अशा आखूड नोझलच्या तोंडाशी दाब १ बार नसतोच. तो ५.४६ बारला अडकतो, वेग ५१२ वर. उरलेला दाब तोंडाबाहेर झोत चहूकडे फुगण्यात उधळला जातो. हे कसं ओळखायचं? बाहेरचा दाब कमी करत न्या आणि वाफेचा प्रवाह मोजा. ५.४६ बारपर्यंत प्रवाह वाढतो. त्याखाली बाहेरचा दाब कितीही उतरवा, प्रवाह तसूभर वाढत नाही. गळ्यातून ध्वनीच्या वेगाने जाणाऱ्या वाफेला पलीकडे दाब कमी झाल्याची वार्ताच पोचत नाही, कारण ती वार्ता ध्वनीच्याच वेगाने उलट येणार. म्हणून सूत्रात h₂ घालण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: हे h₂ खरंच नोझलच्या तोंडाशी आहे, की बाहेरच्या खोलीत?

आणखी एक बारीकसारीक गोष्ट जाता जाता. आपल्या हिशेबाप्रमाणे वाफेत पहिलं धुकं पावणेचार बारच्या आसपास दिसायला हवं. प्रत्यक्षात ते उशिरा येतं, कारण थेंब धरायलाही वेळ लागतो आणि वाफेकडे वेळ नाही. आपल्या उदाहरणात ही जागा गळ्याच्या पुढे येते, त्यामुळे प्रवाहाचा हिशेब बिघडत नाही. आत शिरणारी वाफ मुळातच कोरडी संपृक्त असती तर मात्र मोजलेला प्रवाह हिशेबापेक्षा थोडा जास्त निघाला असता.

घर्षणाचं काय? नोझलच्या भिंतीला वाफ घासते, एन्ट्रॉपी थोडी वाढतेच. समजा कार्यक्षमता ९२ टक्के. म्हणजे ४२९.२ पैकी ३९४.९ किलोज्यूलच वेगात गेले. वेग ८८९ मीटर. बघा, ऊर्जा आठ टक्क्यांनी कमी झाली तरी वेग चारच टक्क्यांनी, कारण वर्गमूळ. आणि उरलेले ३४ किलोज्यूल? ते वाफेतच राहिले. बाहेरची एन्थाल्पी २५१३ ऐवजी २५४८, आणि कोरडेपणा ०.९२८ ऐवजी ०.९४३. घर्षणाने वाफ कोरडी झाली! ऐकायला बरं वाटतं, पण हे नुकसानच आहे. धुकं कमी झालं ते वेगाच्या पैशांतून.

(प्रश्न: "एवढा वेग मिळतो तर एकच नोझल, एकच चाक पुरे. टर्बाइनला इतकी चाकं कशाला?")

हा प्रश्न स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांच्यासमोर १८८० च्या दशकात उभा होता. दुधातून मलई वेगळी करणारं यंत्र त्यांनी केलं होतं, ते खूप वेगाने फिरवायला हवं होतं, आणि त्यातूनच ते वाफेच्या टर्बाइनकडे वळले. आधी अरुंद मग रुंद होणारं नोझल टर्बाइनला लावलं ते त्यांनी. एकच चाक आणि त्यावर हा झोत. पण पात्याने झोताची ऊर्जा नीट काढून घ्यायची तर पात्याचा वेग झोताच्या अर्ध्याहून थोडा कमी हवा. आपला झोत ८८९ मीटरचा, म्हणजे पात्याला साधारण ४२० मीटर प्रति सेकंद. तीस सेंटिमीटर व्यासाचं चाक घेतलं तर मिनिटाला सुमारे २७,००० फेरे. द लावाल यांची छोटी टर्बाइन खरोखरच मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत फिरत, आणि पुढे गिअर लावून तो वेग उतरवावा लागे.

"मग चाक मोठं करा, फेरे कमी होतील." होतील, पण चाकाच्या कडेचा वेग तोच राहील, आणि चाक फाटतं ते कडेच्या वेगाने. पातळ पोलादी कडं ४२० मीटर वेगाने फिरवलं तर त्यात सुमारे १३८० मेगापास्कल ताण येतो; साधं पोलाद त्याच्या बरंच आधी तुटतं. म्हणून द लावाल यांनी चाक मधे जाड आणि कडेला पातळ असं केलं. तरी मर्यादा आलीच.

सुटका पुन्हा त्याच वर्गमुळात आहे. ४२९ किलोज्यूलची घट एका नोझलमध्ये न करता चार ठिकाणी वाटली, तर प्रत्येक टप्प्यात वाट्याला १०७.३ किलोज्यूल येतात. घट चौपट कमी, पण वेग निम्माच: आदर्श धरला तर ४६३ मीटर. मग चाकाच्या कडेला २१७ मीटर पुरतात, आणि ताण वेगाच्या वर्गाने जात असल्यामुळे तो चौथ्या हिश्शावर येतो, साधारण ३७० मेगापास्कल. हे पोलादाला झेपतं. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ मध्ये घट अशीच कितीतरी लहान टप्प्यांत वाटली होती. त्यांच्या टर्बाइनची रचना वेगळी होती, त्यात फिरणारी पातीसुद्धा नोझलसारखंच काम करत, पण हिशेब हाच. टप्प्यांमध्ये वाटण्याचा आणखी एक परिणाम तुम्ही घरी काढून बघा. चारही टप्प्यांत घट सारखी ठेवली, तर पहिल्या टप्प्यानंतर एन्थाल्पी २८३५ च्या आसपास येते. त्या जागी दाब किती असेल, आणि तो १० बारच्या ०.५४६ पटीहून जास्त की कमी, हे मोलियर चार्टवर शोधा. पहिल्या नोझलला रुंदावणारा भाग लागेल की नाही, ते त्यावरूनच कळेल.